हिरवा दिवा लागला की सकाळ

पहाटे पाचच्या सुमारास मुलाची झोप सावध झालेली असते. रात्रभरात झोपेची गरज बरीचशी भागलेली असते आणि झोपेची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरकही उतरणीला लागलेले असते, त्यामुळे भांड्याचा आवाज झाला तरी डोळे उघडतात. अडीच वर्षांच्या मुलाला घड्याळ वाचता येत नाही, पण रंग ओळखता येतो. रंग बदलणारे घड्याळ नेमका याचाच उपयोग करते: रात्रभर मंद तांबडा दिवा आणि ठरलेल्या वेळी हिरवा. रात्रीसाठी तांबडा रंग योग्य, कारण शरीराला दिवसाची वर्दी देणाऱ्या डोळ्यांतील पेशी निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. लहान मुलांच्या डोळ्यांचे भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांच्यावर असा प्रकाश अधिक परिणाम करतो.

घड्याळाची ओळख दिवसा, खेळातून करून द्यावी. मुलाने तांबड्या दिव्यात झोपेचे सोंग घ्यायचे, आईने मिनिटभराने हाताने हिरवा दिवा लावायचा आणि ‘सकाळ झाली!’ म्हणत जवळ घ्यायचे. हे काही दिवस खेळल्यावरच पहाटेची वेळ लावावी.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते. मूल सव्वापाचला उठते आणि आईवडील पहिल्याच दिवशी सव्वासहाची वेळ लावतात. तासभर तांबडा दिवा पाहत राहणे या वयात जमत नाही. मूल रडते, कोणीतरी उचलून घेते आणि दिव्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून सुरुवातीला हिरवा दिवा सव्वापाचलाच लागू द्यावा. डोळे उघडताच हिरवा दिसावा आणि त्याच क्षणी आई यावी, म्हणजे दोन्हींची सांगड बसते. हे तीन-चार दिवस सुरळीत चालले की वेळ दहा मिनिटांनी पुढे न्यावी. अशा सहा पायऱ्यांनी, साधारण तीन आठवड्यांत, सव्वासहा गाठता येतात. एखाद्या पायरीवर सलग रडणे झाले, तर मागच्या पायरीवर यावे. जाग येताच मूल हाक मारण्याआधी दिव्याकडे पाहू लागले, तर खूण रुजली असे समजावे.

आपल्याकडे मूल बहुधा आईवडिलांजवळच झोपते, म्हणून नियम थोडा वेगळा ठेवावा लागतो: तांबडा असताना गप्पा नाहीत, दिवा नाही, मोबाइल तर नाहीच, कुशीत घ्यायला मात्र हरकत नाही. शू लागली, भीती वाटली किंवा बरे नसले, तर रंग न पाहता उठावे, पण काम झाले की पुन्हा अंधार करावा. कधी तांबड्यातच खेळायला घेणे आणि कधी नाही, असे केल्यास मूल रोजच अधिक हट्टाने प्रयत्न करते.

हे घड्याळ मुलाला झोपवत नाही. ते शांत पडून राहायला शिकवते आणि पडल्यापडल्या कधी पुन्हा डोळा लागतो. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. रात्री आठला झोपलेले मूल सहाला ताजेतवाने उठत असेल, तर त्याची झोप पुरी झालेली असू शकते. अशा वेळी हिरवा दिवा सातला लावून उपयोग नाही. पडद्याच्या फटीतून उजेड येत असेल, तर आधी ती फट बुजवावी. मूल झोपेत नेहमी घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.