पन्नासची म्हणून आलेली लेन्स

गेल्या पावसाळ्यात, कासचं पठार फुलायला लागायच्या थोडं आधी, सांगलीहून भाच्याने व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले. गणपती पेठेतला एक जुना स्टुडिओ बंद होत होता आणि कपाटातलं सामान विकायला निघालं होतं. त्यात ही लेन्स. "मामा, निकॉनची पन्नास एमएम आहे म्हणतायत. घेऊ का? कासच्या फुलांचे मोठे फोटो काढायला उलटी लावून वापरायचीय."

लेन्सचं नाव आणि नाभीय अंतर, म्हणजे तो पन्नाससारखा आकडा, पुढच्या काचेभोवतीच्या कड्यावर लिहिलेलं असतं. या लेन्सवर एक जाड कडेचा फिल्टर चढलेला होता. तो जागेवरच घट्ट बसून राहिला होता आणि त्याच्या कडेने सगळी अक्षरं झाकली होती. विकणाऱ्यांनी 'पन्नास' म्हटलं त्यात लबाडी नव्हती. जुन्या कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा पन्नासचीच लेन्स यायची, त्यामुळे छोटी काळी लेन्स दिसली की तोंडात तोच आकडा येतो. पण फोटोत जेवढं दिसत होतं तेवढ्यावरून खरं उत्तर निघू शकत होतं. मी तो दिवस त्यातच घालवला.

आधी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते ती मागची खाच. मागच्या बाजूचा फोटो नसला तरी नळीवरच्या रिंगांची मांडणी बरंच सांगून जाते. ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र लहानमोठं करायची रिंग अगदी पुढे, काचेजवळ असेल आणि मागच्या टोकाला दोन बटणं असतील, तर पहिला अंदाज ऑलिंपस ओएमचा. मागच्या टोकाला चकचकीत चंदेरी कडं आणि ॲपर्चरच्या आकड्यांच्या शेवटी हिरवा 'ए' किंवा हिरवा ठिपका दिसला, तर कॅननची जुनी एफडी. ॲपर्चरची रिंगच नसेल, तर लेन्स बहुधा ऑटोफोकसच्या काळातली. कॅननने 1987 साली ईएफ माउंट आणलं तेव्हाच ती रिंग काढून टाकली.

आमच्या फोटोत ॲपर्चरची रिंग मागे, माउंटला चिकटून होती आणि तिच्यावर धातूचे दोन छोटे 'सशाचे कान' उभे होते. ही निकॉनची खूण. निकॉनचं एफ माउंट 1959 सालचं. कोणतं ॲपर्चर लावलंय हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला कळावं म्हणून हे कान रिंगेवर 5.6 च्या जागी बसवलेले असत. 1977 मध्ये निकॉनने ही जोडणी बदलून एआय पद्धत आणली. जुन्या कॅमेऱ्यांसाठी कान ठेवले, पण त्यांना भोकं पाडली आणि आकड्यांच्या मागे, माउंटच्या अगदी कडेला, आणखी बारीक आकड्यांची दुसरी ओळ छापली. फोटो मोठा करून पाहिला तर कानांना भोकं होती आणि दुसरी ओळही होती. म्हणजे एआय. हे तपासणं गरजेचं होतं, कारण एआयच्या आधीची लेन्स निकॉनच्या अनेक नंतरच्या बॉडींवर जोराने फिरवली तर बॉडीवरची नाजूक पट्टी मोडते.

पण कान माउंट सांगतात, कारखाना सांगत नाहीत. निकॉन बॉडीसाठी इतर कंपन्याही लेन्स बनवत आणि त्याही कान लावत. इथे दुसरी एक खूण उपयोगी पडली. निकॉनच्या स्वतःच्या त्या काळातल्या बहुतेक लेन्सवर ॲपर्चरचे आकडे वेगवेगळ्या रंगांत असतात आणि नळीवर त्याच रंगांच्या रेघा असतात. आमच्या लेन्सवर रेघा पांढऱ्या होत्या आणि त्यांच्यापाशी 8, 11, 16 असे आकडे छापलेले होते. तिथेच माझ्या मनात 'निकॉनची' या शब्दाबद्दल शंका आली.

आता या रेघांकडेच वळतो, कारण सगळं गुपित त्यांच्यात आहे.

जुन्या लेन्सच्या नळीवर मध्ये एक खूण असते, तिच्यासमोर फोकसचं अंतर येतं: 1 मीटर, 3 मीटर, शेवटी अनंत. खुणेच्या दोन्ही बाजूंना ॲपर्चरच्या आकड्यांच्या रेघा असतात. त्या सांगतात की 16 लावलं तर इथपासून इथपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येईल. या रेघा छायाचित्रकाराच्या सोयीसाठी छापल्या असल्या तरी त्यांच्यात लेन्सचं नाभीय अंतर दडलेलं असतं.

ते कसं, हे पाहायला लेन्सच्या आत जाऊ. शाळेत शिकलोय की फार दूरच्या वस्तूची प्रतिमा लेन्सपासून बरोबर नाभीय अंतरावर पडते. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते, म्हणून लेन्स पुढे सरकवावी लागते. किती? जवळपास नाभीय अंतराचा वर्ग भागिले वस्तूचं अंतर. पन्नासच्या लेन्सला 5 मीटरवर फोकस करायला 2500 भागिले 5000, म्हणजे अर्धा मिलिमीटर पुढे यावं लागतं. 28 एमएमच्या लेन्सला त्याच 5 मीटरसाठी 784 भागिले 5000, म्हणजे मिलिमीटरचा साधारण सहावा हिस्सा पुरतो.

आता दुसरी बाजू. फोकस थोडा चुकला तर बिंदूच्या जागी बारीक ठिपका उमटतो. 35 मिमी फिल्मसाठी साधारण 0.03 मिलिमीटरपर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो असं धरतात. ॲपर्चर 16 म्हणजे छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या सोळाव्या हिश्श्याएवढा. त्या छिद्रातून निघालेला प्रकाशाचा शंकू फिल्मकडे निमुळता होत जातो, आणि छिद्र नाभीय अंतराच्या प्रमाणातच असल्यामुळे शंकूचा उतार सगळ्या लेन्सना सारखाच पडतो: एकास सोळा. मग 0.03 चा ठिपका होईपर्यंत लेन्स किती चुकली तर चालेल? 16 गुणिले 0.03, म्हणजे 0.48 मिलिमीटर. लेन्स 28 ची असो, पन्नासची असो की 135 ची, 16 च्या रेघेची सूट ही सुमारे अर्धा मिलिमीटरच. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हे.

ही सूट ठरलेली असल्यामुळे लेन्स अनंतावर ठेवली की 16 च्या रेघेसमोर असं अंतर येतं, ज्याच्यासाठी लेन्सला बरोबर 0.48 मिलिमीटर पुढे यावं लागलं असतं. पन्नासच्या लेन्सला ते अंतर 5.2 मीटर. 28 च्या लेन्सला 1.6 मीटर. 135 ला तब्बल 38 मीटर, म्हणून टेलिफोटो लेन्सवर 16 ची रेघ मधल्या खुणेला जवळजवळ चिकटलेली दिसते. उलट जाऊन नाभीय अंतरही काढता येतं: 16 गुणिले 0.03 गुणिले रेघेसमोरचं मिलिमीटरमधलं अंतर, आणि त्याचं वर्गमूळ.

भाच्याच्या दुसऱ्या फोटोत फोकसची रिंग अनंतावर होती. 16 च्या रेघेसमोर 1.5 चा आकडा नुकताच ओलांडलेला दिसत होता, 2 अजून दूर होता. 1.6 मीटर धरले. 1600 गुणिले 0.48 म्हणजे 768, त्याचं वर्गमूळ 27.7. लेन्स पन्नासची असती तर तिथे 5 मीटर दिसायला हवे होते. तिपटीचा फरक वाचण्यातल्या चुकीने येत नाही.

या हिशोबाला मर्यादाही आहे. 0.03 हा आकडा निसर्गाचा नियम नाही. कंपन्या तो थोडा कमी-जास्त धरतात. 0.025 धरला तर माझंच उत्तर 25 येतं. म्हणजे या रेघांवरून 28 आणि 50 वेगळे ओळखता येतात, 24 आणि 28 खात्रीने नाही. म्हणून दुसरा पुरावा हवा होता.

तो तिसऱ्या फोटोत मिळाला. समोरून घेतलेल्या फोटोत काचेच्या आत ॲपर्चरचं छिद्र दिसत होतं. रिंग 2.8 वर, म्हणजे पूर्ण उघडी होती. निकॉन माउंटची लेन्स हातात असताना रिंगवर जे लावलंय तेवढंच छिद्र उघडं राहतं, त्यामुळे रिंग 16 वर असती तर या मोजणीला अर्थ उरला नसता. फोटो छापून पट्टीने मोजलं. छिद्र फिल्टरच्या व्यासाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं होतं. निकॉनसाठीच्या छोट्या लेन्सवर 52 मिमीचा फिल्टर सर्रास असतो. तो धरला तर छिद्र साधारण 10 मिमीचं. 10 गुणिले 2.8 बरोबर 28. पन्नास एमएम 1.8 लेन्सचं छिद्र 28 मिमीचं, म्हणजे फिल्टरच्या अर्ध्याहून मोठं दिसलं असतं. वाइड लेन्सच्या मोठ्या काचेत खोलवर दिसणारं ते छोटंसं भोक एकदा पाहिलं की विसरत नाही.

आता रंगाचं. भाच्याचा एक मित्र म्हणाला होता की काच जांभळी दिसतेय, म्हणजे माल अस्सल जपानी. हा समज बाजारात फार पसरलाय आणि जांभळ्या काचेला जास्तीचे पैसेही मागितले जातात. काच जांभळी नसतेच. कोटिंग न केलेल्या साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण 4 टक्के परत फेकतो. त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे 100 नॅनोमीटरचा थर दिला की थराच्या वरून आणि खालून परतलेल्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात आणि परावर्तन दीड टक्क्याच्या आत येतं. खोडणं हिरव्या प्रकाशासाठी सगळ्यात चांगलं जमतं, म्हणून परत येणाऱ्या प्रकाशात लाल आणि निळा उरतो. तोच तो जांभळा रंग. अनेक थरांच्या कोटिंगमध्ये प्रतिबिंबं फिकट होतात आणि हिरवट, गुलाबी अशी मिसळलेली दिसतात. यावरून लेन्सच्या काळाचा अंदाज येतो, पण माउंट किंवा नाभीय अंतर अजिबात कळत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने रंग बदललेला असला तर काळाचा अंदाजही चुकतो. आमच्या फोटोत खिडकीची पाच प्रतिबिंबं मोजता आली, त्यांतली तीन हिरवट. बहुथरी कोटिंग, एवढंच त्यातून घेतलं.

भाच्याला फोन केला. "पन्नासची नाही, अठ्ठावीसची आहे. निकॉनची नसावी, पण तुझ्या निकॉनवर बसेल. तुला फायदाच आहे." लेन्स उलटी लावली की नाभीय अंतर जितकं कमी तितकी प्रतिमा मोठी, 28 ची लेन्स पन्नासच्या जवळपास दुप्पट मोठं चित्र देते. मात्र फूल काचेच्या अगदी जवळ आणावं लागतं आणि सावली पडते, हेही सांगितलं.

त्याने घेतली. घरी आणून फिल्टरच्या कडेला रुंद रबर गुंडाळलं, दाब न देता हलक्या हाताने पिळलं, आणि तिसऱ्या प्रयत्नात फिल्टर सुटला. मग कड्याचा फोटो पाठवला. त्यावर 1:2.8 आणि 28 mm लिहिलं होतं, आणि नाव निकॉनचं नव्हतं. फिल्टरमागच्या काचेच्या कडेला बुरशीचे दोन बारीक धागे मात्र होते. ते तिन्ही फोटोंत मला कुठेच दिसले नव्हते.