जड दाराला कोणती बिजागरी लावायची: साधी, लपलेली की पिव्हट?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात बिजागऱ्या घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक बहुतेकदा दिसण्यावरून निवड करतं. साधी पत्त्याची बिजागरी बाहेरून दिसते म्हणून नको, लपलेली हवी, आणि हॉटेलात पाहिलेलं पिव्हटचं दार मिळालं तर फारच छान. पण दार जड असेल तर आधी दोन गोष्टी बघा: वजन जाणार कुठे, आणि ते पेलायला तिथे काय आहे.

खोलीचं नेहमीचं दार धरू. २१०० मिलिमीटर उंच, ९०० रुंद, ४० जाडीचं भरीव सागवान. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे दार जवळपास ४९ किलोचं. लॉक, हँडल धरून ५० म्हणा. हे वजन नुसतं खाली ओढत नाही. दार एका कडेने टांगलेलं असल्यामुळे ते वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर उपसायला बघतं आणि खालचीला आत दाबतं. वरच्या-खालच्या बिजागरीत १७०० मिलिमीटर अंतर असेल तर वरचीवर आडवी ओढ येते ५० गुणिले ४५० भागिले १७००, म्हणजे सुमारे १३ किलो. हेच दार १२०० रुंद केलं, तर वजन एक तृतीयांशच वाढतं, पण ओढ जाते २३ किलोंवर. म्हणून दार जड आहे की नाही यापेक्षा रुंद किती आहे, हे आधी विचारावं.

९०० च्या दाराला साधी बिजागरी पुरते, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. पाच इंची, तीन मिलिमीटर जाड पत्त्याची, बेअरिंगवाली. तीन लावायच्या, आणि तिसरी नेमकी मध्यावर न लावता वरच्या बिजागरीखाली फूटभर अंतरावर, कारण ओढ तिथेच आहे. (दार वाकण्याची भीती असेल तर मात्र चौथी मध्यावर घ्या.) सुतार पाकिटातले इंचभर स्क्रू मारून मोकळा होतो, चौकटीच्या बाजूला किमान वरच्या बिजागरीत तरी दोन इंची मारायला लावा, आणि आधी बारीक भोक पाडूनच. सागाच्या चौकटीत ते घट्ट बसतात.

लपलेल्या बिजागरीचं तसं नाही. ती दाराच्या कडेत आणि चौकटीत अशी दोन्हीकडे खोल खाच मागते. खाच राउटरने, साचा लावून कापावी लागते; पटाशीने कोरलेली सहसा सैल होते. चौकट नवी, जाड आणि सरळ असेल तर ही बिजागरी उत्तम, कारण दार बसवल्यावरही ते स्क्रू फिरवून वर-खाली, डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवता येतं. जुन्या चौकटीत मात्र खाच पाडताना लाकूड एवढं कमी होतं की ओढ पेलायला मागे फारसं काही उरत नाही. पाकिटावरचं वजनही नीट वाचा: ते बहुधा जोडीचं असतं, ठरावीक रुंदीच्या दारासाठी. आणि दुकानात नुसतं ‘कन्सील्ड’ म्हणू नका, कपाटाची वाटीवाली बिजागरी हातात पडेल. ‘खोलीच्या दाराची’ असं सांगा.

पिव्हटमध्ये दार वर आणि खाली बसवलेल्या खुंट्यांवर फिरतं, त्यामुळे वजन जमिनीवर उतरतं, चौकटीला टांगलेलं राहत नाही. कडेपासून ७० मिलिमीटर आत बसवला तर आपल्या ५० किलोच्या दाराची वरच्या खुंटीवरची ओढ नऊ किलोंवर येते, आणि तीही स्क्रू उपसणारी नसून खुंटीला आडवी. १२०० रुंद किंवा ऐंशी किलोंच्या पुढच्या दाराला म्हणूनच हा प्रकार शोभतो. पण दार आपोआप बंद व्हायला हवं असेल तर फ्लोअर स्प्रिंग लागते, आणि तिची पेटी बसवायला लादीखाली खोदावं लागतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये लादी आणि स्लॅबच्या मधला थर तेवढा नसला तर गाडी थेट स्लॅबवर येते. तिथे सळ्यांना हात लावायचा नाही. शिवाय दार आत सरकून फिरत असल्याने वाट थोडी अरुंद होते, मागच्या फटीत मुलांची बोटं अडकू शकतात, आणि एसीच्या खोलीला ती फट महागात पडते.

दार घासू लागलं की बिजागरीवर खापर फोडण्याआधी घासण्याची जागा बघा. पावसाळ्यात लाकूड फुगून घासतं तेव्हा ते लॉकच्या कडेला वरपासून खालपर्यंत घासतं आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुटतं. खचलेलं दार मात्र लॉककडच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीला आणि खालच्या कोपऱ्यात लादीला टेकतं, आणि वरच्या बिजागरीपाशी फट रुंदावते. दार अर्धं उघडून हँडलने किंचित वर उचला. पत्ता चौकटीसकट स्थिर राहून दार हललं तर पिन झिजली आहे, बिजागरी बदला. पत्ताच चौकटीपासून हलला तर स्क्रू सुटले आहेत: जुन्या भोकात सागाची खुंटी गोंद लावून ठोका, वाळू द्या, मग नवं भोक पाडून लांब स्क्रू मारा. अशा वेळी रंधा मारणारा सुतार दिसला तर थांबवा, कारण दार खचत राहील आणि कड तेवढी कमी होईल.