फोटोतला गाडीनंबर आम्ही कसा लिहितो

वजनकाटा, सोसायटी किंवा विम्याच्या कामासाठी आपण गाडीचे फोटो पाठवता. त्यावरून नंबर उतरवताना आमचा नियम एकच आहे: पाटीवर दिसतं तेच लिहायचं. पाटीवर MH 09 असं मोकळं असेल तर मोकळं, MH09 असं चिकटून असेल तर चिकटून. दुचाकीच्या मागच्या पाटीवर दोन ओळी असतात. त्या आम्ही एका ओळीत घेतो आणि मध्ये एकच जागा सोडतो. डाव्या कडेची निळी IND अक्षरं आणि खालचा बारीक लेसर क्रमांक हे गाडीच्या नंबरात धरायचे नसतात.

गोल अक्षर दिसलं की आधी त्याची जागा बघतो. पहिली दोन स्थानं राज्याची अक्षरं, पुढची दोन जिल्ह्याचे आकडे; म्हणजे तिसऱ्या जागी गोल आलं तर ते शून्यच. मालिकेच्या अक्षरांत O आणि I शक्यतो देत नाहीत, तेव्हा तिथलं गोल अक्षर बहुधा D किंवा Q निघतं. BH पाटीला मात्र हा हिशोब लावू नका, तिथे सुरुवातच वर्षाच्या दोन आकड्यांनी होते.

आकड्याऐवजी दुसराच आकडा वाटण्याचा धोका जागेवरून टळत नाही. समजा, स्कूटरच्या मागच्या पाटीची वरची ओळ MH 09 अशी स्वच्छ आहे. खालच्या ओळीत D नंतरच्या गोल अक्षराची शेपटी स्क्रूखाली गेली आहे आणि एका आकड्यावर चिखल आहे, तो 3 असेल किंवा 8. आम्ही लिहितो:

```
MH 09 D? 0?40
```

पुढच्या पाटीच्या फोटोत शेपटी दिसली तर पहिल्या खुणेच्या जागी Q येतो. आकडा तिथेही पुसट असेल तर दुसरी खूण तशीच ठेवून आपल्याकडे नवा फोटो मागतो. अंदाजाने 8 लिहिलं तर ती दुसऱ्याच कुणाची गाडी ठरू शकते.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. पाटीचा पत्रा उजेड परत फेकतो, त्यामुळे अक्षरं पांढरी पडतात. शक्यतो दिवसा, पाटीच्या समोर उभं राहून काढा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा; नुसता फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि 3-8, 5-6 यांतला फरक आधी जातो.

4141 चा ‘दादा’ केलेल्या पाट्या आपल्याकडे काही कमी नाहीत! अशा पाटीसाठी आरसीची प्रतही जोडा.

आमची यादी एक्सेलमध्ये घेताना नंबरचे चार आकडे वेगळ्या रकान्यात टाकणार असाल, तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर 0047 चे 47 होतात आणि पाटीशी जुळवताना गाडी सापडत नाही.