बुरुडी टोपली

बुरुडी टोपली : बांबूच्या उभ्या पट्ट्यांमधून आडव्या पट्ट्या विणून केलेले घरगुती भांडे. महाराष्ट्रात हे काम परंपरेने बुरूड समाजाचे. टोपली, पाटी, दुरडी, परडी, सूप, रोवळी, करंडा, धान्याची कणगी, कोंबड्यांचे डालगे ही सगळी याच विणीची रूपे, आकार आणि विणीची घट्टता काय ती वेगळी. टोपलीची सफाई, ती किती वजन पेलेल, ओलाव्यात कशी टिकेल आणि तिचा रंग असा का, हे चार प्रश्न घेणारा वेगवेगळे विचारतो. चारही उत्तरे मात्र एकाच गोष्टीत सापडतात : पट्टी बांबूच्या पाठीची, म्हणजे बाहेरच्या अंगाची, आहे की पोटाची, म्हणजे आतल्या अंगाची.

बांबू हे गवत आहे. त्याला झाडासारखी साल नसते आणि खोड वर्षागणिक जाडही होत नाही. कांड्याची भिंत आडवी कापून पाहिली तर बाहेरच्या अंगाला गडद ठिपक्यांची दाटी दिसते आणि आत पोकळीकडे जाताना ते ठिपके विरळ होतात. हे ठिपके म्हणजे तंतूंच्या जुड्या. बांबूची ताकद त्यांच्यात असते, तर जुड्यांमधल्या मऊ भागात पिष्ट म्हणजे स्टार्च साठतो. सर्वांत बाहेर मेणचट, सिलिका असलेली गुळगुळीत त्वचा असते. बुरूड कोयत्याने कांब चिरतो, त्या कामट्या पुन्हा पातळ सोलतो, तेव्हा एकाच कामटीतून तकतकीत पाठीची पट्टी आणि फिकट, खरखरीत पोटाच्या एक-दोन पट्ट्या निघतात. पाठीची पट्टी बोटाभोवती वळवली तरी तुटत नाही. पोटाची तेवढी वळवली की कडकन मोडते.

माल दोन्ही तऱ्हेचा वापरावा लागतो, नाहीतर अर्धा बांबू फेकावा लागेल. चांगला कारागीर काठ, तळ आणि उभ्या पट्ट्यांना पाठीचा माल लावतो आणि मधल्या आडव्या विणीत पोटाचा भरतो. स्वस्त टोपलीत हा हिशेब उलटा झालेला असतो. नवी असताना तो चटकन दिसत नाही, कारण ओलसर पट्टी पोटाची असली तरी लवचिक असते.

सफाई. टोपलीची कूस हातात जाते ती बहुधा पोटाच्या पट्टीच्या कडेची किंवा पट्टी संपते त्या टोकाची. म्हणून सफाई पाहायची ती बाहेरून चमकणाऱ्या भागाची नव्हे. आतल्या बाजूची, काठाखालची आणि तळाची पाहायची. जुना सुती कपडा किंवा नायलॉनचा मोजा हातात घेऊन आतून फिरवावा. जिथे धागा अडकतो तिथे कूस आहे. कारागीर पट्टीच्या कडा सुरीने तासून घेतात, आणि विणून झाल्यावर टोपली ज्योतीवरून झरझर फिरवली की बारीक तंतू जळून जातात. घरी पॉलिश पेपर चालतो, पण तो पोटाच्या बाजूलाच मारावा. पाठीची त्वचा घासली तर तिचे मेण आणि पाणी अडवण्याची ताकद दोन्ही जातात. याच मेणामुळे पाठीवर व्हार्निश धरत नाही आणि काही दिवसांत पापुद्रे सुटू लागतात. व्हार्निश लावायचेच असेल तर आधी त्वचा तासावी लागते, म्हणजे निसर्गाने दिलेला थर काढून बाटलीतला थर चढवायचा. फर्निचरला ते ठीक आहे. टोपलीला, विशेषतः अन्न ठेवायच्या टोपलीला, तसेच ठेवलेले बरे.

धान्य-पिठासाठीची टोपली किंवा सूप पूर्वी घरीच लिंपत. मेथ्या भिजवून वाटायच्या, त्यात भिजवलेल्या कागदाचा लगदा कालवायचा आणि हाताने आतून-बाहेरून चोपडून उन्हात खडखडीत वाळवायचे. मेथीचा चिकटपणा खळीचे काम करतो. विणीतली छिद्रे बुजतात आणि पोटाच्या उघड्या पट्ट्या झाकल्या जातात. लगदा करायला वर्तमानपत्र मात्र घेऊ नये. अन्नाला छपाईची शाई लागू नये, म्हणून कोरा कागद बरा. कणगीला कागदाऐवजी शेणमातीचे लिंपण असते.

वजन. टोपली किती किलो पेलेल याला एक आकडा देता येत नाही, कारण ती कशी उचलली यावर निम्मे उत्तर ठरते. अर्ध्या गोलासारखी, तोंडाशी 40 सेंमी रुंद आणि 20 सेंमी खोल टोपली घ्या. तिच्यात साधारण पावणेसतरा लिटर माल मावतो. काठोकाठ ज्वारी भरली तर वजन बारा-साडेबारा किलो होईल. त्याच टोपलीत ओली वाळू भरली तर ते तीस किलोच्या आसपास जाईल. टोपली तीच, भरल्यावर दिसतेही तेवढीच, पण भार अडीच पट. ‘मोठी टोपली’ आणि ‘मजबूत टोपली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या अशा.

आता हीच वाळूची टोपली डोक्यावर चुंबळ ठेवून नेली, तर भार तळाच्या मध्यावर, जिथे उभ्या पट्ट्या एकमेकींवरून ओलांडतात तिथे, खालून पेलला जातो. दोघांनी दोन बाजूंनी काठ धरून उचलली, तर सगळा भार काठाच्या दोन ठिकाणी एकवटतो. काठाचे कडे लंबगोल ताणले जाते आणि उभ्या पट्ट्या काठातून उपसून येऊ पाहतात. टोपल्या बहुधा मोडतात त्या अशा, तळातून नव्हे. म्हणून विकत घेताना काठ पाहावा : आत एक आणि बाहेर एक अशी दोन कडी आहेत का, त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्यांची टोके वळवून दाबली आहेत की नुसती छाटली आहेत, आणि बांधणी जवळजवळ आहे का. बांधणी पाठीच्या पट्टीची असेल तर उत्तम. तार आणि प्लॅस्टिकची पट्टीही चालते, मात्र तार गंजून पट्टी कातरते.

दुसरी कमजोर जागा पेराची. पेरापाशी तंतू सरळ न जाता वळतात, त्यामुळे ताण आला की पट्टी तिथे तुटते. जाणता कारागीर शेजारशेजारच्या उभ्या पट्ट्यांची पेरे एका रेषेत येऊ देत नाही. टोपली उजेडाकडे धरून पेरांच्या गडद खुणा एका वर्तुळात दिसल्या, तर भरल्यावर ती तिथेच दुमडणार हे नक्की.

बांबूच्या जातीचाही फरक पडतो. सिंधुदुर्गातला माणगा बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो आणि त्याची पेरे फारशी फुगलेली नसतात. त्यामुळे तो खांब, शिडी, फर्निचर यांना पसंत. पण बांबूचे वय त्याहून महत्त्वाचे. पहिल्या वर्षाचा कोवळा बांबू सोलायला सोपा, पण वाळताना सुरकुततो. तीन-चार वर्षांचा बांबू टिकतो.

ओलावा. रोवळी रोज भिजते आणि तरी वर्षे टिकते. ओट्याखाली कांदे-बटाटे ठेवलेली टोपली मात्र कधी भिजत नाही आणि एका पावसाळ्यात तळाला काळी पडते. कारण सरळ आहे. रोवळी काही मिनिटे भिजते आणि उरलेला दिवस वाऱ्यावर सुकते. टोपलीचा तळ फरशीचा दमटपणा धरून बसतो. बुरशीला पाण्याचा शिडकावा नव्हे, सतत टिकणारा ओलावा लागतो, आणि ती पोटाच्या पट्टीवर आधी येते, कारण तिथे पाणी मुरते आणि स्टार्चही तिथेच असतो. उपायही त्यातूनच निघतो : वापरून झाले की पालथी किंवा उभी टेकवून ठेवणे, तळाखाली दोन काड्या किंवा विटेचा तुकडा सारून हवा खेळू देणे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही न गुंडाळणे. कोकणातल्या पावसाळ्यात चुलीच्या वर टांगलेल्या टोपल्या टिकत, कारण तिथे हवा कोरडी आणि धूर किड्यांना नकोसा. गॅस आल्यापासून ती जागाच गेली.

भिजलेली टोपली थेट कडक उन्हात टाकणेही वाईट. पोटाची आणि पाठीची बाजू सारखी आकसत नाही, पट्ट्या वळतात, चिरतात. आधी सावलीत, मग ऊन. नवी टोपली महिन्या-दोन महिन्यांत सैल वाटू लागते, तेही याच आकसण्यामुळे. विण ओलसर पट्ट्यांची असते, पट्टी सुकली की बारीक होते. हा कारागिराचा दोष नव्हे. सैल आडवण बोटांनी खाली दाबून बसवली आणि वर एक-दोन पट्ट्या भरल्या की काम होते.

बुरशी आणि भुंगा यांची गल्लत होते. बुरशी डाग पाडते, खाली काही पडत नाही. भुंगा टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे पाडतो आणि टोपलीखाली पिठासारखी पिवळट पूड साचते. तो स्टार्चसाठी येतो आणि पोटाच्या बाजूने किंवा कापलेल्या टोकातून शिरतो, त्वचा फोडून क्वचितच. म्हणून बांबू पावसाळ्यात, वाढीच्या दिवसांत, तोडत नाहीत. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडतात आणि काही ठिकाणी दोन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे स्टार्च निघून जातो. फर्निचरच्या बांबूला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवतात. ते पाण्याने धुपून जाते, म्हणून घरातल्या कोरड्या वस्तूंनाच उपयोगी. रोवळी किंवा भाकरीच्या टोपलीला ते लावू नये.

रंग. एका टोपलीत दोन-तीन छटा दिसल्या म्हणजे माल मिसळलेला, असे नाही. हिरवा रंग फक्त त्वचेत असतो. ताज्या टोपलीत पाठीच्या पट्ट्या हिरव्या आणि पोटाच्या दुधी दिसतात. काही आठवड्यांत हिरवा उडून गवती पिवळा होतो आणि वर्षांनी मधाळ तपकिरी. पोटाच्या पट्ट्या मात्र चमक न घेता करड्या होत जातात. त्यामुळे छायाचित्रात हिरवीगार दिसलेली टोपली घरी पिवळी पोहोचली तर ती बदललेली नाही, फक्त चार आठवडे मोठी झाली आहे. लग्नाच्या सुपा-टोपल्यांतला गुलाबी-हिरवा रंग पोटाच्या पट्टीवर चढतो, पाठीवर नीट बसत नाही. ओल्या बोटाने घासून तो सुटत असेल तर त्यात फळे किंवा प्रसाद ठेवू नये.

डागांबाबत उलटा गैरसमज आहे. त्वचेवरचे करडे-तपकिरी ठिपके पाहून लोक टोपली परत ठेवतात. खरे तर ते बहुधा बांबू रानात काही वर्षे उभा राहिल्याची खूण, म्हणजे चांगले लक्षण. पोटाच्या बाजूचे काळपट, केसाळ, पुसले की बोटाला लागणारे आणि कुबट वासाचे डाग मात्र बुरशीचे. कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकून, व्हिनेगरच्या फडक्याने पुसून उन्हात ठेवले तर ती थांबते. आत मुरलेला काळेपणा तसाच राहतो.

वेताच्या वस्तू वेगळ्या वनस्पतीच्या. वेत हा ताडाच्या कुळातला, वेलीसारखा चढणारा, आतून भरीव. पण पाठ-पोटाचा न्याय त्यालाही लागू आहे : खुर्चीच्या बैठकीची जाळी त्याच्या तकतकीत त्वचेची, तर विणकामाच्या गोल काड्या आतल्या गाभ्याच्या. जाळी वापराने सैल झाली, पण एकही दोर तुटलेला नसेल, तर खुर्ची उलटी करून खालच्या, चमक नसलेल्या बाजूने कोमट पाण्याचे फडके अर्धा-एक तास ठेवावे. वरून ठेवलेले पाणी त्वचेवरून ओघळून जाते, खालून ते मुरते. मग खुर्ची सावलीत दिवसभर वाळू द्यावी आणि तोवर कोणालाही बसू देऊ नये. सुकताना जाळी पुन्हा ताठ होते.