कुळागरातला पंप आणि व्ही६चं उघडं दार

प्रियोळला आमचं कुळागर आहे. तिथल्या विहिरीवरच्या पंपाला मी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, जोडलाय, त्यावर छोटंसं पान उघडतं, पंप चालू की बंद, टाकीत पाणी किती, आणि खाली एक बटण. घरच्या वायफायवर मस्त चालतं. पणजीहून उघडायला गेलो तेव्हा रडगाणं सुरू झालं, आणि ते का हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आपण अजून वापरतो ती इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, व्ही४, ही १९८१ची. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. तेव्हाचा हिशोब सरळ होता, प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता आणि कोणीही कोणाला थेट हाक मारावी. पत्ते पुरणार नाहीत हे नव्वदीच्या सुरुवातीलाच दिसायला लागलं, मग मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी नॅट मांडलं, आत खाजगी पत्ते वापरायचे आणि बाहेर जाताना राऊटरने ते बदलून द्यायचे. इंटरनेटच्या पद्धती ज्या कागदांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात, आणि त्या आरएफसी १६३१ मध्येच लिहिलंय की हा तात्पुरता उपाय आहे. तात्पुरता कसला, तीस वर्षं झाली, अजून घरोघरी तोच.

नॅटचा एक परिणाम मात्र कोणी ठरवून केलेला नव्हता. बाहेरून आपणहून आलेलं पॅकेट आत कोणाला द्यायचं हे राऊटरला माहीतच नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. लोकांना वाटायला लागलं की नॅट म्हणजे कुलूप. कुलूप वगैरे काही नाही, दारावर घरनंबरच नाही म्हणून पोस्टमन परत जातो, तसा प्रकार.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले मोकळे व्ही४ पत्ते संपले. एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाटणीचे पण शेवटच्या राखीव ब्लॉकवर आले. मग इंटरनेट देणारे स्वतःकडे अजून एक नॅट लावायला लागले आणि त्यासाठी २०१२ मध्ये `100.64.0.0/10` हा पट्टा वेगळा काढला गेला. माझ्या राऊटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या पत्त्याच्या, जागी `100.72` ने सुरू होणारा पत्ता होता. मी तिकडे न बघता दोन संध्याकाळी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेलं पॅकेट पायकडे वळवायची सोय, करत बसलो, जे चालणं शक्यच नव्हतं, कारण बाहेरचा खरा पत्ता माझा नव्हताच. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग चालत नसेल तर आधी हे बघा, `100.64` ते `100.127` मध्ये असाल तर विषय संपला.

पत्त्यांची नवी पद्धत, व्ही६, कागदावर डिसेंबर १९९५ पासून आहे, १९९८ला सुधारून आलं आणि पूर्ण स्टँडर्डचा दर्जा मिळायला २०१७ उजाडलं. पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे एका घराला निदान एक `/64` मिळतं, पुढचे ६४ बिट ठरलेले आणि मागचे ६४ आपले, म्हणजे अख्ख्या व्ही४ जगाला ४२९ कोटींनी गुणलं तर होतील तेवढे पत्ते. पायला स्वतःचा पत्ता, प्रिंटरला स्वतःचा, टीव्हीला स्वतःचा. १९८१ची थेट हाक परत आली, पण मग ते फुकटचं कुलूप गेलं त्याचं काय?

यावर बरीच ओढाताण झाली. एका बाजूचं म्हणणं, थेट पोचता यावं म्हणून तर व्ही६ आणलं, परत दार कशाला लावता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घरातल्या स्वस्त कॅमेऱ्याला धड पासवर्ड नसतो, त्याला उघड्यावर सोडणार का. जानेवारी २०११च्या आरएफसी ६०९२ ने घरच्या राऊटरसाठी नियम लिहिले, आतून बाहेर गेलेल्याचं उत्तर आत येऊ द्यायचं, बाहेरून आपणहून आलेलं अडवायचं, पण त्याच कागदात हेही म्हटलंय की सगळं सरळ जाऊ देणारा मोड ग्राहकाला सहज निवडता आला पाहिजे. त्या दुसऱ्या वाक्याचं पुढे जे झालं ते माझ्या घरात दिसलं.

कनेक्शनबरोबर आलेल्या डब्यात व्ही६ फायरवॉलसाठी एकच टिक होती, चालू किंवा बंद. चालू असताना पाय दिसेना. बंद केली आणि मोबाईल डेटावरून पंपाचं पान लगेच उघडलं, मी खूष. मग सहज काकांच्या प्रिंटरचा पत्ता टाकून बघितला तर त्याचं सेटिंगचं पान पण पणजीत उघडलं! एवढ्या पत्त्यांत आपला कोण शोधणार असं म्हणतात, आणि एकेक करून शोधणं खरंच अशक्य आहे, पण प्रत्येक मशीन बाहेर कुठे जोडलं की तिथल्या लॉगमध्ये आपला पत्ता ठेवून येतं, आणि जुन्या मशीनांचा मागचा अर्धा भाग तर मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या नंबरावरून, बनतो, मध्ये `ff:fe` दिसलं की समजायचं. टिक परत लावली.

शेवटी तो डबा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो नुसती लाईन पुढे देतो, आणि मागे ओपनडब्ल्यूआरटी हे मोकळं सॉफ्टवेअर असलेला राऊटर लावला. त्यात व्ही६ची बाहेरून येणारी वाट मुळातच बंद असते, आपण फक्त एक भोक पाडायचं. पंपाचं पान मी बाहेरच्यांसाठी उघडं केलंच नाही, पायवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवलं आणि फक्त त्याचा पोर्ट उघडला. किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, हे मला पासवर्डच्या पानापेक्षा बरं वाटतं.

```
config rule
    option name 'pump-wg'
    option src 'wan'
    option dest 'lan'
    option family 'ipv6'
    option proto 'udp'
    option dest_ip '::25/-64'
    option dest_port '51820'
    option target 'ACCEPT'
```

यातली `dest_ip` ची ओळ महत्त्वाची. पत्त्याचा पुढचा भाग, प्रीफिक्स, इंटरनेटवाल्याकडून येतो आणि आमच्याकडे पावसात लाईट गेली, लाईन परत लागली की तो बदलतो. पूर्ण पत्ता लिहिला असता तर नियम दुसऱ्या दिवशी मेला असता. `-64` म्हणजे पुढचा भाग काहीही असू दे, मागचे ६४ बिट `::25` असतील तर सोड. पायला कायम तोच शेवट मिळावा म्हणून राऊटरच्या स्टॅटिक लीजमध्ये `hostid` ला `25` दिलं.

नियम लागला हे कळतं कसं? बाहेरून पोर्ट २२ ठोकून बघितला आणि `refused` आलं, तर तेवढ्यावरून काही ठरत नाही, नकार पायने दिला की राऊटरने हे त्यात दिसत नाही. म्हणून काकांना पायसमोर बसवून हे चालवायला सांगितलं:

```
sudo tcpdump -ni eth0 ip6 and tcp port 22
```

मी पणजीहून ठोकत होतो आणि काका फोनवर, "कांयच येना रे." हेच हवं होतं, पॅकेट राऊटरच्या आत पोचतच नव्हतं. प्रिंटरचं पान पण आता उघडेना. वायरगार्ड मात्र लागलं, `wg show` मध्ये हँडशेकची वेळ दिसली.

एक गोष्ट मी सुदैवाने केली नाही, ती म्हणजे पिंग नको म्हणून आयसीएमपीव्ही६, म्हणजे पिंग आणि राऊटरचे निरोप ज्यावरून जातात ते, सगळंच बंद करणं. व्ही६ मध्ये वाटेतला राऊटर मोठं पॅकेट तोडत नाही, ते टाकून देतो आणि "मोठं आहे" असा निरोप परत पाठवतो. तो निरोप अडवला तर कनेक्शन लागतं पण पान अर्धंच येऊन लटकतं, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

चवथीच्या आठवड्यात तरी एकदा फसलोच. लाईट गेली, पायला बॅटरी आहे पण राऊटरला नाही, राऊटर नवा प्रीफिक्स घेऊन उठला आणि पायवर जुना पत्ता पण चिकटून राहिला. डीएनएसला पत्ता कळवणारी माझी स्क्रिप्ट यादीतला पहिला पत्ता उचलायची, म्हणजे नेमका जुना. आता ती `deprecated` लिहिलेले पत्ते सोडून देते आणि राऊटरपण त्याच बॅटरीवर टाकलाय. ऑफिसच्या नेटवर अजून व्ही६ नाही, तिथून पंप बघायचा तर मोबाईलचा हॉटस्पॉटच लावावा लागतो.