ग्रेस्केल तपासणी

डिजिटल चित्रातले रंग तात्पुरते बाजूला सारून फक्त उजळ-गडदपणाची मांडणी, म्हणजे चित्रकारांच्या बोलीत ‘व्हॅल्यू’, पाहणे याला ग्रेस्केल तपासणी म्हणतात. प्रकाशाच्या दिशेची तपासणी बहुधा तिच्याबरोबरच होते.

समजा, रस्त्यावरच्या दिव्याखाली लाल साडीतली फुलवाली बसली आहे आणि मागे दुकानाचे हिरवे शटर आहे. साडीच्या रंगाचे आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे २००, ४०, ४० आणि शटरचे ३०, १२५, ५०. रंगीत चित्रात बाई छान उठून दिसते. फोटोशॉपमध्ये सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड `Color` केला, की साडी आणि शटर दोन्ही ० ते २५५ च्या पट्टीवर साधारण ८८ वर येतात. साडीची कड शटरमध्ये विरून जाते आणि हातातले पांढरे गजरे तेवढे उरतात.

घाईत बरेच जण `Desaturate` वापरतात. इथे तो सरळ फसवतो. ती आज्ञा या तिन्हींतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढते, त्यामुळे साडी १२० आणि शटर ७८ च्या आसपास येते व चित्र निर्दोष वाटते. डोळ्याला हिरवा सर्वाधिक आणि निळा सर्वांत कमी उजळ जाणवतो, हा फरक ती जमेस धरत नाही. `Color` मोड धरतो.

उपाय म्हणून शटर १२, ६०, ३० पर्यंत उतरवले, तर त्याची छटा ४२ वर जाते आणि साडी मोकळी होते. पण शटर गडद का, याला चित्रातच कारण हवे. वरच्या छपरीची सावली म्हणावी, तर दिवा छपरीपेक्षा उंच असायला हवा; खाली असेल तर उजेड थेट शटरवर पडेल. खात्रीसाठी वेगळ्या लेयरवर सरळ रेषा ओढतात. जमिनीवरच्या सावलीच्या टोकापासून वस्तूच्या माथ्यातून जाणाऱ्या रेषा दिव्यापाशी मिळाल्या पाहिजेत. फुलांच्या टोपलीची रेषा भलतीकडे गेली, तर टोपली बहुधा वेगळ्या उजेडातल्या फोटोवरून घेतलेली असते. उन्हात सूर्य फार दूर असल्याने सपाट जमिनीवर उभ्या वस्तूंच्या सावल्या समांतर पडतात. यथादर्शनात मात्र त्या क्षितिजावरच्या एका बिंदूकडे जातात.

सावलीतला परावर्तित उजेडही करड्यात नीट पकडता येतो. साडीच्या अंधाऱ्या बाजूला जमिनीवरून आलेली झळाळी उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा उजळ झाली, की दुसराच दिवा असल्यासारखे वाटते. नवख्यांच्या कामात हा दोष फार आढळतो.

छटा सारख्या येणे म्हणजे दरवेळी चूक नव्हे. क्लोद मोने यांच्या १८७२ च्या ‘इंप्रेशन, सनराइज’मधला नारिंगी सूर्य ग्रेस्केलमध्ये आकाशात जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोघांचा उजळपणा जवळपास एकच आहे, तो वेगळा दिसतो तो केवळ रंगामुळे.