नाट्यसंगीत: वैशिष्ट्यं आणि सुगम गायनापासून त्याचं वेगळेपण

नाट्यसंगीत म्हणजे मराठी संगीत नाटकात पात्रांनी गायलेल्या पदांचं संगीत. रागदारीचा पाया, नाटकातला प्रसंग आणि गाणाऱ्या नटाची स्वतःची गायकी, ह्या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. सुगम गायनात, म्हणजे मुख्यतः भावगीतात, पण राग असतो आणि भावना असते, त्यामुळे 'नाट्यगीत आणि भावगीत ह्यात फरक काय' हा प्रश्न गाणं शिकणाऱ्या पोरांना नेहमी पडतो. उत्तर साधारण असं मिळतं की नाट्यगीतात ताना असतात आणि भावगीतात नसतात. ते चूक नाहीये पण अर्धवट आहे, ताना का असतात ते त्यातून कळत नाही.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून मराठी नाटकात गाणं आहेच, पण त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं आणि त्यात पात्रं स्वतःची पदं स्वतः गायला लागली. मग १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं. ह्या पदांच्या चाली कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांच्या, कर्नाटकी, रागदारीतल्या अशा सगळीकडून घेतलेल्या होत्या, शिवाय साकी, दिंडी, कामदा असे लोकांच्या तोंडात बसलेले प्रकार होतेच. पदं छोटी, गद्य बोलता बोलता पात्र पटकन पदात शिरायचं आणि पद संपलं की परत गद्य. म्हणजे सुरुवातीला नाट्यसंगीत बरंचसं साधं होतं, आज आपण ज्याला नाट्यसंगीत म्हणतो तो भरजरी प्रकार नंतरचा.

तो घडला १९११ च्या 'मानापमान'पासून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी, दादरा, कजरी ह्यांचा रंग मराठी पदांत आणला. पुढे १९१६ ला 'स्वयंवर' आलं, त्याला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या आणि त्या गायल्या त्यांच्याच शिष्याने, बालगंधर्वांनी. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ह्या नाटकांत चाल आधी असायची आणि शब्द नंतर. बुवा एखादी चीज सुचवणार आणि नाटककार तिच्या वजनावर, तिच्या समेवर, तिच्या लांब-आखूड अक्षरांवर मराठी शब्द बसवणार. जुन्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल अमुक' असं छापलेलं दिसतं ते ह्यामुळेच. खाडिलकरांच्या पदांची भाषा कधीकधी अवघड लागते, शब्दांचा क्रम उलटा-पालटा वाटतो, संस्कृत शब्द दाटीने येतात, त्याचं एक मोठं कारण हेच आहे आणि त्यासाठी त्यांना नुसतं नावं ठेवणं मला पटत नाही, कारण ती कविता वाचायला लिहिलेलीच नाहीये. ती गाणाऱ्याला जागा मिळावी म्हणून लिहिलेली आहे.

भावगीतात हे बरोब्बर उलटं. तिथे कविता आधी, पूर्ण झालेली, आणि संगीतकार तिला चाल लावतो. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे ह्यांनी कवींच्या कविता गायला सुरुवात केली तेव्हा रेडिओ आणि रेकॉर्ड आलेले होते, माईकसमोर हळू आवाजात, जवळच्या माणसाशी बोलल्यासारखं गाता येत होतं. चाल एकदा ठरली की ठरली, गायकाने ती जशी आहे तशी, शब्द जपून, भाव जपून पोचवायची. गायक थोडीफार हरकत घेतो पण चालीचा आराखडा बदलत नाही.

हा फरक कानाने तपासायचा तर दोन गाणी शेजारी ठेवून ऐकावीत. एक 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं 'नाथ हा माझा' आणि दुसरं 'गीतरामायणा'तलं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. दोन्ही यमनच्या अंगाची. आणि गंमत म्हणजे दोन्हींत पात्र बोलतंय, रुक्मिणी कृष्णाबद्दल बोलते आणि राम भरताची समजूत घालतो, म्हणजे 'नाटकातलं पात्र गातंय म्हणून नाट्यसंगीत' एवढ्यावर वेगळेपण सांगता येत नाही. तरी एक नाट्यपद आहे आणि दुसरं स्वच्छ सुगम.

'पराधीन'मध्ये गदिमांचा विचार एका कडव्यातून दुसऱ्या कडव्यात पुढे सरकत जातो. तुम्ही मधलं एक कडवं गाळलं तर रामाचं बोलणं तुटतं. सुधीर फडक्यांची चाल त्या बोलण्याला धरून चालते, शब्दाचा उच्चार, कुठे थांबायचं, कुठे वाक्य संपतं हे सगळं चालीत आधीच ठरलेलं आहे, आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद येतं ते त्या युक्तिवादाचा निष्कर्ष म्हणून. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून हे गेलं तेव्हा ऐकणारा घरात बसलेला होता आणि त्याला प्रत्येक शब्द ऐकू येणं महत्त्वाचं होतं.

'नाथ हा माझा'चं तसं नाही. शब्द थोडेच. रुक्मिणीच्या मनातला अभिमान आणि ओढ पहिल्या दोन-तीन शब्दांतच कळून जाते, पुढे नवीन माहिती फारशी मिळत नाही आणि मिळायची गरजही नाही. मग गाणारा काय करतो, तर मुखडा घेतो, समेवर येतो, परत मुखडा घेतो पण ह्या वेळी वेगळ्या जागेवरून, 'नाथ'मधल्या 'ना'च्या आकारावर रेंगाळतो, तिथून एक छोटी तान घेऊन बरोब्बर समेवर टाकतो, पुन्हा तोच मुखडा. प्रत्येक वेळी 'नाथ'चा रंग बदलतो, कधी लाड, कधी गर्व, कधी कुणाला तरी बजावल्यासारखं. हीच नाट्यपदाची खरी रीत. भाव पुढच्या शब्दाने वाढत नाही, तोच शब्द वेगळ्या सुराने म्हटल्याने वाढतो. ताना त्यासाठी आहेत. आणि ह्यासाठी मोकळे स्वर असलेले, आकार-ईकार लांबवता येतील असे शब्द लागतात, म्हणूनच शब्द चालीवर बेतलेले असण्याचा इथे फायदा होतो.

पण हा ख्याल पण नाहीये. ख्यालात राग सावकाश उलगडायला अर्धा तास असतो. नाट्यपदात पहिल्या ओळीतच रागाचं रूप दिसावं लागतं, आलापी छोटी, तान आखूड आणि चमकदार, लय बहुतेक मध्य किंवा त्याहून चढी. राग शुद्ध ठेवण्याचा हट्टही नसतो, भावासाठी परका स्वर लावला तर चालतो, ठुमरीत चालतो तसाच. शिवाय आवाज फेकावा लागायचा. माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोचवायचं म्हणजे पट्टी उंच आणि आवाज खडा, त्यात मागे पायाने हवा भरायचा ऑर्गन, सारंगी आणि तबला. ऑर्गनचा सलग भरीव सूर हा नाट्यसंगीताचा ओळखीचा आवाज झाला तो ह्या गरजेतून. गंधर्व कंपनीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा अशी माणसं होती, म्हणजे साथ सुद्धा मैफिलीच्या तोडीची.

ह्याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. गाणं एवढं मोठं झाल्यावर नाटक थांबायचं. एका पदाला वन्समोअर वर वन्समोअर, समोर उभं असलेलं दुसरं पात्र नुसतं उभं, आणि प्रयोग पहाटेपर्यंत. प्रसंग तातडीचा आणि पात्र निवांत ताना घेतंय असं झालं की ते पद गाणं म्हणून सुंदर असूनही नाटकाच्या दृष्टीने फसलेलं असतं. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त केशवराव भोळ्यांनी मोजकी, भावगीताकडे झुकणारी गाणी ठेवली ती ह्याच्या विरोधातली दिशा होती, आणि १९४२ च्या 'कुलवधू'तलं ज्योत्स्ना भोळ्यांचं 'बोला अमृत बोला' ऐकलं की सीमारेषा किती पातळ आहे ते जाणवतं.

गायकीची ही मोकळीक आणि नाटक ह्यांची सांगड कशी बसू शकते ह्याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण म्हणजे १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली'. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत गोव्याचे पंडित जितेंद्र अभिषेकी. विषयच दोन घराण्यांचा, पंडितजी आणि खाँसाहेब. 'घेई छंद मकरंद' हे पद त्यात दोन तऱ्हांनी येतं, शब्द तेच, पण एक पंडितजींच्या घराण्याच्या वळणाचं, शांत आणि तोललेलं, दुसरं खाँसाहेबांच्या गायकीचं, आक्रमक, लयीशी झुंजणारं, जे वसंतराव देशपांड्यांनी गायलं. इथे ताना काढून टाकल्या तर नाटकातलं भांडणच नाहीसं होईल. एकाच कवितेला दोन चाली सुगम गायनातही लागतात, पण त्या दोन संगीतकारांनी केलेली दोन वेगळी गाणी असतात. इथे दोन चाली मिळून एक नाट्य होतं.

आता शिकणाऱ्यांसाठी थोडं. नाट्यगीतांच्या स्पर्धांत हल्ली एक गोष्ट वारंवार दिसते, मुलं रेकॉर्डमधली तान न तान पाठ करून तशीच्या तशी म्हणतात, कुठे श्वास घेतला तो सुद्धा तिथेच. ही सवय भावगीताची आहे. जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यात बालगंधर्वांनी जे गायलं तो त्या दिवशी त्या वेळात बसवलेला नमुना, रंगमंचावर तेच पद कितीतरी लांबायचं आणि दर प्रयोगाला वेगळं व्हायचं. मुखडा पक्का करावा, सम चुकू नये, रागाची चौकट ठाऊक असावी आणि मग दोन-तीन जागा स्वतःच्या शोधाव्यात. दीनानाथ मंगेशकरांनी 'मानापमान'मधलं 'प्रेमसेवा शरण' मूळच्या भीमपलासऐवजी मुलतानीत गायलं, राग बदलला तरी पद तेच राहिलं. उलट्या बाजूची चूक म्हणजे भावगीताला नाट्यगीतासारखं सजवणं, मधल्याच शब्दावर तान टाकली की वाक्य तुटतं आणि कवीला काय म्हणायचं होतं ते हरवतं.

आज पूर्ण संगीत नाटकाचे प्रयोग कमी होतात, पदं मात्र मैफिलीत ख्यालानंतर हमखास येतात. तिथे आधीचा संवाद नसतो, समोर दुसरं पात्र नसतं, त्यामुळे ते पद बरंचसं उपशास्त्रीय होऊन जातं. म्हणून मैफिलीत गाणारे काही जाणते कलाकार पदाआधी प्रसंग दोन वाक्यांत सांगतात, कोण कुणाला आणि कुठल्या क्षणी हे म्हणतंय ते, आणि मग ऑर्गनवर सूर धरतात.